वयानुरूप शरीर वस्तुमान निर्देशांक

वयानुरूप शरीर वस्तुमान निर्देशांक ही मुलांचे वजन त्यांच्या उंचीच्या मानाने योग्य आहे की नाही, हे ठरविण्याची पद्धत आहे. या पद्धतीत मुलाच्या वजनाला उंचीच्या वर्गाने भागून निर्देशांक काढला जातो आणि त्या संख्येची तुलना त्याच वयाच्या व त्याच लिंगाच्या मुलांच्या संदर्भ तक्त्याशी केली जाते. तुलनेतून मिळणारे उत्तर शतमकात (पर्सेंटाइल) किंवा प्रमाण विचलनात सांगितले जाते. निर्देशांक काढण्याचे सूत्र प्रौढांसाठी आणि मुलांसाठी एकच आहे. मात्र त्याचा अर्थ लावण्याची रीत वेगळी आहे. प्रौढांसाठी ठरविलेल्या १८.५, २५ आणि ३० या सीमा मुलांना लावल्यास निरोगी मूल कृश ठरू शकते आणि स्थूल मूल निरोगी ठरू शकते. दोन ते १९ वर्षे वयोगटातील मुलांसाठी ही पद्धत प्रामुख्याने वापरली जाते.

## प्रौढांचा निर्देशांक

वजन (किलोग्रॅम) भागिले उंचीचा (मीटर) वर्ग या गुणोत्तराची कल्पना एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटले यांनी मांडली. त्यास 'बॉडी मास इंडेक्स' (बीएमआय) हे नाव १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. मराठीत त्यास शरीर वस्तुमान निर्देशांक असे म्हणतात.

प्रौढांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार १८.५ पेक्षा कमी निर्देशांक म्हणजे कमी वजन, १८.५ ते २४.९ म्हणजे योग्य वजन, २५ व त्याहून अधिक म्हणजे अतिवजन आणि ३० व त्याहून अधिक म्हणजे स्थूलता होय. आशियाई लोकांमध्ये मधुमेह व हृदयविकार यांचा धोका कमी निर्देशांकालाच वाढू लागतो. त्यामुळे भारतात अतिवजनाची सीमा २३ इतकी खाली धरण्याची प्रथा आहे.

या सीमा वयाप्रमाणे बदलत नाहीत. पंचविसाव्या वर्षी आणि पन्नासाव्या वर्षी त्या सारख्याच असतात. प्रौढाची उंची वाढणे थांबलेले असते. त्यामुळे निर्देशांकातील बदल हा जवळजवळ पूर्णपणे वजनातील बदल असतो आणि स्थिर सीमा वापरणे सोयीचे ठरते. मुलांमध्ये वजन व उंची या दोन्ही गोष्टी सतत आणि वेगवेगळ्या गतीने वाढत असतात. त्यामुळे प्रौढांच्या पद्धतीचा हा आधारच तेथे उरत नाही.

## बालवयात निर्देशांक कसा बदलतो

जन्माच्या वेळी निरोगी बाळाचा निर्देशांक साधारण १३ ते १३.५ असतो. पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या अंगावर मेद झपाट्याने साठतो आणि सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास निर्देशांक १७ च्या आसपास पोहोचतो. गुटगुटीत बाळ असे ज्याचे वर्णन केले जाते, ते बहुधा याच काळातले असते. मूल चालू-धावू लागल्यानंतर त्याचे पाय लांब होतात, पोटाचा गोलवा कमी होतो आणि उंचीच्या मानाने वजन सावकाश वाढते. परिणामी निर्देशांक घसरत जाऊन पाचव्या-सहाव्या वर्षी त्याची नीचतम पातळी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्यांचा मध्यक सुमारे १५.३ आहे. याचा अर्थ असा की अगदी सर्वसामान्य, निरोगी असा सहा वर्षांचा मुलगा प्रौढांच्या सीमेपेक्षा तीन अंकांनी खाली असतो.

या नीचतम बिंदूनंतर निर्देशांक पुन्हा वाढू लागतो. या वळणाला 'मेद-पुनरुत्थान' असे म्हणता येईल. फ्रेंच संशोधक मारी-फ्रान्स्वाझ रोलाँ-काशेरा यांनी १९८४ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. हे वळण नेहमीपेक्षा लवकर, म्हणजे चौथ्या वर्षाच्या आसपास किंवा त्याआधी आले, तर पुढे स्थूलता येण्याची शक्यता अधिक असते असे आढळले आहे. पालकांना मात्र याच वयात, म्हणजे मूल सर्वांत सडपातळ दिसते तेव्हा, त्याच्या 'न खाण्याची' काळजी अधिक वाटते.

वयात येण्याच्या काळात आणखी एक फरक पडतो. मुलींमध्ये मेदाचे प्रमाण वाढते, तर मुलग्यांमध्ये स्नायू व हाडे यांची वाढ अधिक होते. मुली साधारणपणे मुलग्यांच्या आधी वयात येतात. म्हणून मुलींचे आणि मुलग्यांचे तक्ते स्वतंत्र असतात.

## शतमक म्हणजे काय

एकाच वयाच्या व एकाच लिंगाच्या शंभर मुलांना निर्देशांकाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर एखादे मूल त्या रांगेत जेथे येईल, ते त्याचे शतमक होय. साठावे शतमक याचा अर्थ, संदर्भ समूहातील साठ टक्के मुलांचा निर्देशांक या मुलापेक्षा कमी आहे. पन्नासावे शतमक म्हणजेच मध्यक.

शतमक आणि परीक्षेतील शेकडा गुण यांत गल्लत होण्याचा संभव असतो. शेकडा गुण जितके अधिक तितके चांगले. शतमकाचे तसे नाही. पंधराव्या शतमकावरील मूल पन्नासाव्या शतमकावरील मुलापेक्षा कमी निरोगी असते असे नाही. पन्नासावे शतमक हे गाठण्याचे उद्दिष्टही नाही. मधला पट्टा बराच रुंद असतो आणि त्यात कोठेही असणारे मूल सामान्यतः योग्य वजनाचे मानले जाते.

दुसरा गैरसमज असा की ९५ व्या शतमकाच्या वर नेहमी पाच टक्केच मुले असणार. ही गोष्ट फक्त मूळ संदर्भ समूहापुरती खरी असते. तक्ता एकदा तयार झाल्यावर तो स्थिर राहतो. पुढे समाजातील मुले अधिक स्थूल झाली, तर एखाद्या शाळेतील पंधरा-वीस टक्के मुलेही त्या रेषेच्या वर असू शकतात. रेषा वर्षानुवर्षे सरकत राहिली असती, तर वाढती स्थूलता तक्त्यावर दिसलीच नसती.

जागतिक आरोग्य संघटना शतमकाऐवजी प्रमाण विचलन वापरते. मूल मध्यकापासून किती अंतरावर आहे, हे त्यातून कळते. +१ विचलन म्हणजे सुमारे ८४ वे शतमक, +२ म्हणजे सुमारे ९८ वे आणि −२ म्हणजे सुमारे दुसरे शतमक. अतिशय स्थूल किंवा अतिशय कृश मुलांच्या बाबतीत विचलन अधिक उपयोगी पडते, कारण ९९ व्या शतमकाच्या पलीकडे शतमकांतील फरक दिसेनासा होतो.

## संदर्भ तक्ते

जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालील मुलांसाठी २००६ मध्ये मानके प्रसिद्ध केली. त्यांसाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांची वाढ १९९७ ते २००३ या काळात नोंदविण्यात आली. भारतातील नोंदी दक्षिण दिल्लीतील होत्या. ज्यांना स्तनपान मिळाले होते आणि ज्यांच्या माता धूम्रपान करीत नव्हत्या, अशाच मुलांची निवड करण्यात आली. त्यामुळे हा तक्ता मुले कशी वाढावीत हे सांगतो. पाच ते १९ वर्षांचा २००७ सालचा तक्ता मात्र अमेरिकेतील जुन्या नोंदींची पुनर्मांडणी करून आणि त्या पाच वर्षांखालील मानकांशी जुळवून घेऊन तयार केला आहे. म्हणून पहिल्यास 'मानक' आणि दुसऱ्यास 'संदर्भ' असे म्हटले जाते.

पाच ते १९ वर्षे वयोगटात संघटनेच्या वर्गीकरणानुसार +१ विचलनाच्या वर अतिवजन, +२ च्या वर स्थूलता, −२ च्या खाली कृशता आणि −३ च्या खाली तीव्र कृशता मानतात. पाच वर्षांखालील मुलांसाठी हीच नावे अधिक सावधपणे वापरली जातात. तेथे +२ च्या वर अतिवजन आणि +३ च्या वर स्थूलता धरली जाते. अमेरिकेत २००० सालच्या तक्त्यानुसार पाचव्या शतमकाखाली कमी वजन, ८५ व्या शतमकापासून अतिवजन आणि ९५ व्या शतमकापासून स्थूलता मानतात.

भारतासाठी इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पाच ते १८ वर्षांचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. या कामात पुण्याचे बालरोगतज्ज्ञ वामन खाडिलकर यांचा प्रमुख सहभाग होता. मुंबई व पुणे यांसह १४ शहरांतील मध्यम व उच्च आर्थिक स्तरांतील मुलांच्या नोंदी त्यासाठी एकत्र करण्यात आल्या. त्यांतून उंचीच्या मानाने फार जड असलेली मुले वगळण्यात आली. तसे केले नसते, तर शहरी मुलांची वाढलेली स्थूलताच 'सामान्य' ठरली असती.

या तक्त्यातील निर्देशांकाच्या वरच्या दोन रेषांना '२३ प्रौढ समतुल्य' आणि '२७ प्रौढ समतुल्य' अशी नावे आहेत. अठराव्या वर्षी ज्या रेषेवर निर्देशांक २३ असतो, तीच रेषा लहान वयापर्यंत मागे नेली की प्रत्येक वयाची अतिवजनाची सीमा मिळते. २७ ची रेषा याच रीतीने स्थूलतेची सीमा ठरवते. कमी वजनासाठी तिसरे शतमक वापरले जाते. प्रौढांची सीमा येथे टाकून दिलेली नाही. वाढीच्या वक्राबरोबर ती वयाप्रमाणे खाली उतरवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातही १९ व्या वर्षी +१ ची रेषा २५ च्या आणि +२ ची रेषा ३० च्या जवळ येऊन पोहोचते.

## निश्चित करण्याची रीत

प्रथम मुलाचे वय पूर्ण वर्षे व महिने यांत काढतात. 'चौथीत आहे, म्हणजे नऊ वर्षांचा' असा अंदाज पुरेसा नसतो. नंतर वजन हलक्या कपड्यांत, पादत्राणे काढून, सपाट व कठीण जमिनीवर ठेवलेल्या काट्यावर घेतात. उंची मोजताना मूल अनवाणी उभे असावे. टाचा, नितंब व पाठीचा वरचा भाग भिंतीला किंवा उंचीमापकाच्या दांड्याला टेकलेले असावेत. नजर समोर असावी आणि डोक्यावर टेकवलेली पट्टी भिंतीशी काटकोनात असावी. अंबाडा किंवा केसांतील पिना काढाव्या लागतात. दोन वर्षांखालील बालकाची उभी उंची न मोजता आडवी लांबी मोजतात.

वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागले की निर्देशांक मिळतो. आलेखावर आडव्या अक्षावर वय आणि उभ्या अक्षावर निर्देशांक घेऊन बिंदू मांडला जातो. तो कोणत्या दोन रेषांमध्ये येतो, यावरून वर्ग ठरतो. पुढील तपासणीचा बिंदू त्याच आलेखावर मांडून आधीच्या बिंदूशी जोडतात.

पुढील सारणीत जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यातील काही मूल्ये दिली आहेत.

| वय व लिंग | −२ विचलन | मध्यक | +१ विचलन | +२ विचलन |
|---|---|---|---|---|
| मुलगा, ६ वर्षे | १३.० | १५.३ | १६.८ | १८.५ |
| मुलगा, ८ वर्षे | १३.३ | १५.७ | १७.४ | १९.७ |
| मुलगा, १० वर्षे | १३.७ | १६.४ | १८.५ | २१.४ |
| मुलगी, ७ वर्षे | १२.७ | १५.४ | १७.३ | १९.८ |
| मुलगी, १० वर्षे | १३.५ | १६.६ | १९.० | २२.६ |
| मुलगी, १३ वर्षे | १४.९ | १८.८ | २१.८ | २६.२ |

सारणीतील १८.५ ही संख्या लक्षात घेण्याजोगी आहे. प्रौढांमध्ये ती कमी वजनाची सीमा आहे. सहा वर्षांच्या मुलग्यात हीच संख्या स्थूलतेची सीमा आहे आणि दहा वर्षांच्या मुलग्यात अतिवजनाची.

## उदाहरण: दोन मुलांच्या नोंदी

दोन्ही पद्धतींतील फरक एकाच मुलाच्या अनेक वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होतो. पुढील दोन उदाहरणे काल्पनिक आहेत. तुलना मात्र वरील सारणीतील मूल्यांशी केली आहे.

एका मुलग्याची सहाव्या वर्षी उंची ११६ सें.मी. आणि वजन २०.६ किलो आहे. १.१६ चा वर्ग १.३४५६. त्यामुळे निर्देशांक १५.३ येतो, म्हणजे तो नेमका मध्यकावर आहे. आठव्या वर्षी त्याची उंची १२८ सें.मी. व वजन २९.५ किलो होते. निर्देशांक १८.० येतो. तो +१ च्या रेषेच्या (१७.४) वर व +२ च्या रेषेच्या (१९.७) खाली आहे, म्हणून हे अतिवजन होय. दहाव्या वर्षी उंची १३९ सें.मी. व वजन ४२ किलो झाल्यावर निर्देशांक २१.७ येतो आणि +२ ची रेषा (२१.४) ओलांडली जाते. मुलगा आता स्थूलतेच्या वर्गात आहे. चार वर्षांत त्याने दोन रेषा ओलांडल्या.

याच मुलाचे मोजमाप प्रौढांच्या सीमांनी केले, तर सहाव्या वर्षी १५.३ म्हणून कमी वजन, आठव्या वर्षी १८.० म्हणूनही कमी वजन आणि दहाव्या वर्षी २१.७ म्हणजे योग्य वजन असा निष्कर्ष निघतो. आठव्या वर्षी, वजन आवरण्यासाठी काही करता येण्याजोगे असताना, घरी त्याला तूप-साखर अधिक देण्याचा सल्ला मिळाला असता. दहाव्या वर्षी मुलगा 'सुधारला' म्हणून समाधान मानले गेले असते. प्रौढांची पद्धत येथे सौम्यपणे चुकत नाही. ती बरोबर उलट दिशा दाखविते.

दुसरे उदाहरण एका सडपातळ मुलीचे आहे. सातव्या वर्षी तिची उंची ११९ सें.मी. व वजन २० किलो असून निर्देशांक १४.१ येतो. दहाव्या वर्षी उंची १३७ सें.मी., वजन २८.५ किलो आणि निर्देशांक १५.२ आहे. तेराव्या वर्षी उंची १५५ सें.मी., वजन ४१ किलो आणि निर्देशांक १७.१ आहे. तिन्ही वेळा बिंदू मध्यकाच्या खाली, परंतु −२ च्या रेषेच्या बराच वर आहे. मुख्य म्हणजे तो सहा वर्षांत मध्यकापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहिला आहे. उंचीही वयाला साजेशी वाढली आहे. मुलगी निरोगी आहे आणि तिची शरीरयष्टीच सडपातळ आहे, असे यावरून म्हणता येते. प्रौढांच्या सीमांनुसार ती या तिन्ही वेळा एकदाही योग्य वजनाची ठरली नसती. सातव्या व दहाव्या वर्षी तर १६ च्या खाली म्हणून तिला तीव्र कृश म्हटले गेले असते.

वरील दोन्ही उदाहरणांत एका बिंदूपेक्षा बिंदूंची मालिका अधिक सांगून जाते. आपली रेषा धरून वाढणारे मूल बहुधा निरोगी असते. रेषा ओलांडून वर किंवा खाली सरकणाऱ्या मुलाकडे, ते अजून मधल्या पट्ट्यात असले तरी, लक्ष द्यावे लागते.

## मोजमापातील चुका

उंचीचा वर्ग होत असल्यामुळे उंचीतील चूक निर्देशांकात दुप्पट होऊन उतरते. उंचीत एक टक्क्याची चूक झाली, तर निर्देशांकात सुमारे दोन टक्क्यांची होते. समजा, आठ वर्षांच्या मुलग्याचे वजन ३२ किलो आणि खरी उंची १२७ सें.मी. आहे. निर्देशांक १९.८ येतो व मुलगा +२ च्या वर जातो. हीच उंची बूट घालून मोजली आणि १२९ सें.मी. भरली, तर निर्देशांक १९.२ येतो व मुलगा स्थूलतेच्या वर्गातून अतिवजनाच्या वर्गात उतरतो. केवळ बुटाच्या टाचेमुळे वर्ग बदलतो. मागील तपासणीपेक्षा उंची कमी भरणे किंवा तीन महिन्यांत पाच-सहा सें.मी. वाढलेली दिसणे, ही मोजणी चुकल्याची खूण समजून उंची पुन्हा घ्यावी.

वयाची चूकही महत्त्वाची ठरते. महाराष्ट्रात पूर्वी जन्मनोंद नसलेल्या अनेक मुलांची जन्मतारीख शाळेच्या पटावर १ जून अशी लिहिली जात असे. अशा अंदाजी तारखेवरून काढलेले वय काही महिन्यांनी, क्वचित वर्षानेही चुकू शकते. मुलग्यांची +१ ची रेषा बाराव्या वर्षी १९.९ आणि तेराव्या वर्षी २०.८ आहे. म्हणून २०.३ निर्देशांक असलेला मुलगा बारा वर्षांचा धरल्यास अतिवजनाचा आणि तेरा वर्षांचा धरल्यास योग्य वजनाचा ठरतो. उपलब्ध असल्यास जन्मदाखल्यावरील किंवा लसीकरण पत्रिकेवरील तारीख घेणे योग्य होय.

## मर्यादा

निर्देशांक मेद आणि स्नायू यांत भेद करीत नाही. नियमित कुस्ती किंवा पोहण्याचा सराव करणाऱ्या किशोराचा निर्देशांक स्नायूंमुळे अधिक असू शकतो. उलटपक्षी, निर्देशांक सामान्य असूनही शरीरातील मेद जास्त असू शकतो. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात ग्रामीण भागातील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने कमी, परंतु त्या मानाने अधिक मेद असलेली आढळली. भारतीयांसाठी खालच्या सीमा वापरण्यामागे प्रौढांप्रमाणेच असे पुरावेही आहेत.

दुसरी मर्यादा उंचीची आहे. दीर्घकाळ अपुऱ्या पोषणामुळे मुलाची उंची खुंटलेली असेल, तर त्याचे वजनही त्या कमी उंचीला साजेसे असू शकते आणि निर्देशांक मधल्या पट्ट्यात येतो. निर्देशांक ठीक म्हणून असे मूल सुपोषित ठरत नाही. त्यामुळे वयानुरूप उंचीचा आलेख सोबत पाहणे आवश्यक असते. स्थूल मुलांतही उंचीवरून महत्त्वाची माहिती मिळते. अतिआहारामुळे स्थूल झालेली मुले वयात येण्यापूर्वी बहुधा समवयस्कांपेक्षा उंच असतात. स्थूल मुलाची उंची कमी असेल किंवा वाढीची गती मंदावली असेल, तर अवटू ग्रंथीच्या किंवा इतर संप्रेरकांच्या विकाराची तपासणी करावी लागते.

वयात येण्याचा काळही मुलागणिक बदलतो. बारा वर्षांच्या दोन मुलींपैकी एकीची पाळी सुरू झालेली असते आणि दुसरीच्या शरीरात बदलांना नुकती सुरुवात झालेली असते. तक्त्यात मात्र दोघींचे वय एकच असते. लवकर वयात आलेल्या मुलीचा निर्देशांक काही काळ वरच्या रेषेकडे झुकणे स्वाभाविक असू शकते.

या कारणांमुळे शतमक हे निदान मानले जात नाही. कोणत्या मुलाची अधिक तपासणी करावी, हे त्यावरून ठरते. त्यानंतर डॉक्टर रक्तदाब, कमरेचा घेर, मानेवरील काळसर जाड त्वचा, आई-वडिलांची शरीरयष्टी, आहार, झोप व खेळ यांची चौकशी करून आणि आवश्यक तेथे रक्ताच्या चाचण्या करून निष्कर्षाला येतात.

## उपचारातील उपयोग

प्रौढ व्यक्तीचा निर्देशांक कमी करण्यासाठी वजन घटवावे लागते. वाढत्या मुलाला नेहमीच तसे करावे लागत नाही. वरील उदाहरणातील दहा वर्षांच्या मुलाचे वजन वर्षभर ४२ किलोवरच स्थिर राहिले आणि उंची १३९ वरून १४४.५ सें.मी. झाली, तर निर्देशांक २१.७ वरून २०.१ वर येतो. अकराव्या वर्षी मुलग्यांची +२ ची रेषा २२.५ आहे. म्हणजे एक किलोही न घटवता मूल स्थूलतेच्या वर्गातून खाली येते. यामुळे स्थूलता तीव्र नसलेल्या लहान मुलांमध्ये वजन उतरविण्याऐवजी वजनवाढ रोखण्याचे उद्दिष्ट ठेवले जाते. उपाशी ठेवणे किंवा जेवणातील एखादा घटक पूर्णपणे बंद करणे यामुळे उंचीची वाढ खुंटण्याचा धोका असतो, म्हणून ते टाळले जाते.

काटा आणि साधी बीएमआय गणकयंत्रे केवळ निर्देशांकाची संख्या दाखवितात व त्यांवरील 'कमी', 'योग्य', 'अधिक' हे शेरे बहुधा प्रौढांसाठी असतात. एखाद्या गणकयंत्रात वजन व उंची यांबरोबर जन्मतारीख आणि लिंग विचारले जात नसेल, तर त्याचा निष्कर्ष १९ वर्षांखालील व्यक्तीस लागू करता येत नाही. त्यातून मिळालेली संख्या बरोबर असते. तिचा अर्थ मात्र वयानुरूप तक्त्यावरूनच लावावा लागतो.